नऊ नावं, चार मिनिटं: दहाव्या वर्धापनदिनाच्या एका टोस्टचं प्रकरण

भोसरी एमआयडीसीतला मशिनिंगचा एक कारखाना. इथे हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी तयार होतात. २०१४ च्या दसऱ्याला, म्हणजे ३ ऑक्टोबरला, भाड्याच्या गाळ्यात एका जुन्या व्हीएमसी मिलिंग मशीनची पूजा करून दोन भागीदारांनी काम सुरू केलं. दहा वर्षांनी तिथे १४ मशीन आहेत आणि ६२ माणसं. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात थोरल्या भागीदारांनी सुरुवातीच्या माणसांसाठी ग्लास उंचावून चार मिनिटं बोलायचं, म्हणजे टोस्ट करायचा, असं ठरलं. ते बोलणं कसं तयार झालं, पहिल्या मसुद्यात काय बिघडलं होतं आणि प्रत्यक्ष दिवशी काय घडलं, ते इथे सविस्तर मांडलं आहे. कंपनीचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

आधी तारखेचा प्रश्न आला. तिथीने पाहिलं तर २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता, पण त्या दिवशी सकाळी मशीनची पूजा होते आणि दुपारपर्यंत सगळे घरी जातात. कामगारांनी २ तारखेची संध्याकाळ सुचवली, कारण दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे भोसरीची साप्ताहिक सुट्टी. पण २ तारखेला सर्वपित्री अमावस्या होती, त्यामुळे तीही बाद झाली. उरला ३ ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना. सकाळी घरोघरी घट बसतात, म्हणून संध्याकाळी साडेपाचची वेळ धरली. नवरात्राचा पहिला दिवस आणि घरची मंडळी सोबत, त्यामुळे दारूचा विषय नव्हताच. पण उपवास करणारे बरेच असणार होते. टोस्टचा ग्लास एकाच वेळी प्रत्येकाच्या हातात असावा लागतो. कुणाला तो चालत नसेल तर त्या क्षणी तो माणूस बाजूला पडतो. म्हणून सर्वांसाठी एकच पेय ठेवलं, साखर आणि सैंधव घातलेलं लिंबू सरबत. जेवणातही वरी आणि दाण्याची आमटी वेगळी ठेवली होती.

आता मसुद्याकडे. थोरल्या भागीदारांनी स्वतः लिहिलेला पहिला मसुदा अकरा मिनिटांचा होता. बँकेने कर्ज नाकारलं, घरच्यांनी समजावलं, तरी मी हटलो नाही, अशी सुरुवात होती. कामगार तिसऱ्या पानावर येत होते आणि तेही एका वाक्यात, “तुम्ही माझं कुटुंब आहात” असं. धाकट्या भागीदारांना सर्वांत खटकलं ते वाक्य पुढचं होतं: “त्या दिवसांत तुम्ही पगार न घेता काम केलंत.”

हे वाक्य मनापासून लिहिलेलं होतं, पण खरं नव्हतं. पगार कुणी सोडला नव्हता. कंपनीला तो वेळेवर देता आला नव्हता. उशीर कंपनीने केला आणि भाषणात मात्र तो कामगारांचा त्याग झाला. ज्याने त्या महिन्यात किराणा उधारीवर आणला, त्याला हा फरक ऐकताक्षणी कळतो. शिवाय तेव्हाच्या वेतन प्रदान कायद्यानुसार हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायलाच हवा होता. म्हणजे मालकाच्या बाजूने हुकलेल्या गोष्टीचं श्रेय कामगाराच्या मोठ्या मनाला दिलं जात होतं. सुरुवातीच्या माणसांच्या सन्मानाची भाषणं बहुतेक वेळा इथेच घसरतात. जोखीम कौतुकात विरघळते, आणि ती कुणी, कशाची आणि किती दिवस घेतली, हे कुणी सांगतच नाही.

म्हणून मसुदा बाजूला ठेवून आधी माहिती गोळा करायचं ठरलं. पहिला प्रश्न होता, सुरुवातीचे म्हणजे कोण? थोरल्यांच्या मनात पहिले दहा जण होते. आकडा गोल होता, पण त्याला अर्थ नव्हता. दहावा माणूस जून २०१६ मध्ये लागला आणि त्याआधीच, मार्च २०१६ मध्ये, मोठ्या गिऱ्हाइकाचा वर्षभराचा दरकरार हातात आला होता. करारानंतर येणाऱ्याला पगाराची खात्री होती, आधी येणाऱ्याला नव्हती. रेघ तिथेच पडली: करारापूर्वी हजेरीपटावर नाव असलेले सगळे. ते नऊ निघाले. मशीनवर काम लावून देणारा सेटर, दोन ऑपरेटर, इन्स्पेक्टर, हेल्पर, टेम्पो चालवणारे मामा, अकाउंट्सच्या मॅडम, आयटीआयचा एक शिकाऊ मुलगा आणि डिबरिंग करणाऱ्या, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धातूची कुसळं, बर, काढणाऱ्या ताई.

या नऊपैकी पाच जण आजही कामावर आहेत. मामा २०२१ मध्ये वारले. इन्स्पेक्टर, एक ऑपरेटर आणि हेल्पर यांनी मधल्या काळात नोकरी सोडली. इन्स्पेक्टर तर २०१८ मध्ये स्पर्धक कंपनीत गेले, आणि त्यांचं नाव घ्यायला थोरल्या भागीदारांचा विरोध होता. हा विरोध समजण्यासारखा असला तरी टिकणारा नव्हता. सन्मान टिकून राहिल्याचा असता तर दहा वर्षं पूर्ण केलेल्यांचा वेगळा कार्यक्रम करता आला असता. इथे सन्मान २०१४ ते २०१६ मधल्या जोखमीचा होता आणि ती इन्स्पेक्टरनीही तेवढीच घेतली होती. त्यांचं नाव गाळलं असतं तर उरलेल्यांपैकी प्रत्येकाच्या ते लक्षात आलं असतं, आणि कौतुक हे थांबून राहण्याच्या अटीवर मिळतं एवढाच निष्कर्ष त्यांनी काढला असता. नाव राहिलं. निमंत्रणाचा फोन थोरल्यांनीच केला.

मग धाकट्या भागीदारांनी प्रत्येकाशी एकेकट्याने बोलून तीन प्रश्न विचारले. इथे येताना हातातलं काय सोडलंत? आल्यावर काय मिळत नव्हतं आणि किती दिवस? यातलं काय सगळ्यांसमोर बोललेलं चालेल? बोलणं मशीनजवळ केलं नाही, शिफ्ट संपल्यावर अकाउंट्सच्या खोलीत बसून केलं, कारण शेजारी दुसरा ऑपरेटर असला की माणूस “काही नाही हो साहेब, चालायचंच” एवढ्यावर थांबतो. सोडून गेलेल्यांना फोन केला, मामांच्या पत्नींना घरी जाऊन भेटले.

तिसरा प्रश्न अनेक जण विचारायचं विसरतात, आणि नेमकी त्याचीच या प्रकरणात गरज पडली. एकाने त्या काळात घरातलं सोनं गहाण ठेवलं होतं. नव्या मसुद्यात ते आलं होतं, कारण मालकांना ते फार मोठं वाटत होतं आणि ते मोठं होतंच. पण त्याच्या सासरचे लोक कार्यक्रमाला येणार होते आणि त्यांना ही गोष्ट माहीत नव्हती. त्याने नको म्हटलं. ते वाक्य निघालं आणि त्याच्याऐवजी त्याच्या कामाची एक गोष्ट आली. परवानगी तोंडी घेतली तरी चालते, पण नेमकं वाक्य वाचून दाखवून घ्यायला हवी. “तुमच्याबद्दल थोडं बोलू का?” याला प्रत्येक जण हो म्हणतो.

आठवणींची पडताळणी हजेरीपट, पगारपत्रक आणि बँकेच्या स्टेटमेंटवरून झाली. पगार नोटबंदीत रखडला होता, असं जवळजवळ सगळेच सांगत होते. स्टेटमेंट वेगळं बोलत होतं. नोव्हेंबर २०१६ चा उशीर फक्त सहा दिवसांचा होता. मोठा खंड २०१५ चा. फेब्रुवारीचा पगार ७ मार्चऐवजी २१ एप्रिलला झाला, म्हणजे ४५ दिवस उशिरा, आणि मार्चचा २ मे रोजी, २५ दिवस उशिरा. कारण होतं ३४० जॉबचं, म्हणजे तयार बॉडींचं, रिजेक्शन. मशीनवर बॉडी धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरमध्ये क्लॅम्प बॉडीच्या पातळ भिंतीवर बसत होता. आवळल्यावर भिंत किंचित दबायची, त्या स्थितीत बोअर, म्हणजे आतलं भोक, गोल कापलं जायचं आणि क्लॅम्प सोडला की भिंत परत मूळ जागी येऊन बोअर लंबगोल व्हायचं. मशीनवर मोजलं तर बरोबर, खाली उतरवल्यावर चूक. सेटरने ते शोधलं आणि क्लॅम्प जाड रिबवर घेतला. भाषणात नोटबंदीचं नाव आलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती, पण कंपनीची स्वतःची चूक सरकारी निर्णयाच्या खात्यावर गेली असती आणि सेटरचं सर्वांत मोठं काम सांगायचंच राहिलं असतं.

याच कागदांतून आणखी एक गोष्ट वर आली. हेल्पर जून २०१५ मध्ये सोडून गेला, तेव्हाच्या हिशेबात त्याच्या शेवटच्या ११ दिवसांचा पगार दिल्याची नोंद कुठेच नव्हती. त्यालाही ते आठवत होतं, पण त्याने कधी विषय काढला नव्हता. कार्यक्रमाच्या नऊ दिवस आधी त्याच्या खात्यात आजच्या दराने ते पैसे भरले आणि फोन करून कशाचे ते सांगितलं. पाकीट स्टेजवर द्यायची सूचना आली होती, ती नाकारली, ते योग्यच झालं. देणं असतं ते बक्षीस म्हणून देता येत नाही. टोस्ट लिहिण्याआधी नावं ठरलेल्या प्रत्येकाचं खातं असं तपासून घ्यावं: रजेचे पैसे, ओव्हरटाइम, अंतिम हिशेब. एखाद्याचे पैसे बाकी असताना त्याचं कौतुक केलं तर टाळ्यांच्या आवाजातही त्याला फक्त बाकीच आठवते.

जोखीम नेमकी सांगायची तर ती रोजच्या व्यवहाराच्या भाषेत सांगावी लागते. पीएफ वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला लागू होतो, ईएसआय आणि ग्रॅच्युइटी दहा किंवा अधिक माणसांना. नऊ जणांच्या गाळ्याला यातलं काहीच लागू नव्हतं. सेटर पिंपरीतल्या एका मोठ्या कारखान्यात कायम होता, तिथे त्याला साडेतीन वर्षं झाली होती आणि ग्रॅच्युइटीसाठी पाच लागतात. “मोठी नोकरी सोडून आला” या वाक्यापेक्षा हा तपशील कितीतरी जास्त बोलतो, कारण समोर बसलेल्या प्रत्येक कामगाराला त्याची किंमत ठाऊक असते.

शेवटी जे बोललं गेलं ते असं. नावांच्या जागी इथे कामं लिहिली आहेत. प्रत्यक्षात प्रत्येकाचं पूर्ण नाव घेतलं.

“नमस्कार. सगळ्यांच्या हातात ग्लास आलेत ना? तसेच धरून ठेवा, शेवटी मी सांगेन तेव्हा एकदम उचलू.

३ ऑक्टोबर २०१४ ला आपल्याकडे एक जुनी मशीन होती आणि एकाही गिऱ्हाइकाची पक्की ऑर्डर नव्हती. मार्च २०१६ पर्यंत वर्षभराचा करार कुठलाच नव्हता. त्या दीड वर्षात नऊ माणसं इथे कामाला आली. त्यांना पीएफ नव्हता, ईएसआय नव्हता, आणि पुढचा पगार वेळेवर होईल असं आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो.

सेटर कायम नोकरी सोडून आले. आणखी दीड वर्ष तिथे काढलं असतं तर ग्रॅच्युइटी मिळाली असती. २०१५ मध्ये आपले ३४० जॉब परत आले. बोअर कशामुळे लंबगोल होतंय ते त्यांनी शोधलं. ते फिक्स्चर मी पास केलं होतं.

त्या रिजेक्शनमुळे फेब्रुवारीचा पगार ४५ दिवस उशिरा झाला. तुम्ही तो सोडला नव्हता, आम्हाला तो देता आला नव्हता. अकाउंट्सच्या मॅडमनी तेव्हा प्रत्येकाला स्वतः सांगितलं की खात्यात किती आहेत आणि कधी येतील. खोटी तारीख त्यांनी एकदाही दिली नाही.

आपल्या दोघा ऑपरेटरांनी परत आलेल्यांपैकी २१२ जॉब पुन्हा बोअर करून वाचवले. इन्स्पेक्टरसाहेबांनी, गिऱ्हाईक फोनवर फोन करत असताना, मोजल्याशिवाय एकही जॉब गाडीत चढू दिला नाही. मला तोंडावर नाही म्हणाले, आणि बरोबर म्हणाले. आमचे हेल्पर रात्री थांबून प्रत्येक जॉब धुऊन, तेल लावून भरत होते. ताईंनी हाताने एकेका पोर्टमधला बर काढला. आत एवढासा बर राहिला तरी व्हॉल्व्ह अडकतो. त्यांच्या हातच्या मालाची अशी तक्रार त्या दीड वर्षात आली नाही. आयटीआयच्या वर्गातली मुलं मोठ्या कंपन्यांत शिकाऊ म्हणून गेली, आपला मुलगा इथे आला. आज दुसरी शिफ्ट तो चालवतो. आणि मामांनी तो सगळा माल चाकणला पोचवला, डिझेलचे पैसे कितीदा तरी स्वतःच्या खिशातून घालून. आज मामा नाहीत. मामी इथे आहेत.

यातले तिघं आता दुसरीकडे काम करतात. त्यांनी तेव्हा घेतलेली जोखीम तेवढीच होती, आणि ते आले याचा मला आनंद आहे. नंतर आलेल्या तुम्हा सत्तावन्न जणांना पहिल्या महिन्यापासून पीएफ आहे आणि ७ तारखेला पगार आहे. त्याच्याआधी काय होतं, ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून हे सांगितलं.

आता ग्लास उचला. या नऊ जणांसाठी, आणि ते दीड वर्ष ज्यांनी घर चालवलं त्या त्यांच्या घरच्यांसाठी!”

मजकुराची रचना पाहण्यासारखी आहे. नावांचा क्रम हुद्द्याने लावलेला नाही, प्रसंगाच्या ओघात आला आहे: रिजेक्शन, पगार, दुरुस्ती, तपासणी, पाठवणी. त्यामुळे नऊ नावं यादीसारखी वाटत नाहीत आणि कुणाला आधी, कुणाला नंतर हा वादही उरत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला त्याचं एक तरी काम आलं आहे. “मेहनती”, “प्रामाणिक”, “निष्ठावान” हे शब्द कुठेही नाहीत, कारण ते कुणाच्याही नावापुढे लावता येतात. मामांचा उल्लेख सर्वांत शेवटी ठेवायचा का, यावर बरीच चर्चा झाली. तो शेवटी ठेवून लगेच ग्लास उचलला असता तर कार्यक्रम शोकसभेकडे झुकला असता. मध्ये दोन-तीन वाक्यं गेल्यावर लोकांना सावरायला वेळ मिळाला.

बोनस, शेअर, नवी शेड, यातलं काहीही या चार मिनिटांत नव्हतं. घोषणा आली की लोक मनात आकडेमोड सुरू करतात आणि नावं मागे पडतात. नऊ जणांना चांदीचं वीस ग्रॅमचं एकेक नाणं जेवणानंतर, टेबलाशी जाऊन दिलं. मामांचं मामींकडे दिलं. कामावर असलेल्या पाच जणांच्या बाबतीत, त्या वर्षीच्या प्राप्तिकर नियमांनुसार ५,००० रुपयांच्या आतली वस्तुरूप भेट पगारात धरावी लागत नव्हती आणि हे नाणं त्या मर्यादेत बसत होतं.

भाषण पाठ केलं नव्हतं. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाच्या चार कार्डांवर मोठ्या अक्षरात ते छापलं होतं, एका हातात कार्ड आणि दुसऱ्यात ग्लास. त्यामुळे माइक स्टँडवरच हवा होता. आदल्या दिवशीच्या सरावात दोन अडचणी दिसल्या. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज घुमतो, म्हणून एक मोठा स्पीकर समोर ठेवण्याऐवजी दोन छोटे मध्यावर, लोकांच्या डोक्याच्या उंचीवर लावले आणि वाचण्याचा वेग कमी केला. दुसरी अडचण कॉम्प्रेसरची होती. गांधी जयंतीची सुट्टी असली तरी तो चालू राहिला होता आणि दाब उतरला की मधेच धडधडायला लागायचा. दुसऱ्या दिवशी तो बंद ठेवला.

तरीही दोन गोष्टी चुकल्या. पहिल्या नावाला लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या, मग दुसऱ्यालाही तितक्याच वाजवणं भाग पडलं आणि हातात ग्लास असल्याने सरबत सांडायला लागलं. चार मिनिटांचं भाषण साडेपाचवर गेलं. ग्लासबद्दलच्या पहिल्या वाक्यातच “टाळ्याही शेवटी” एवढे दोन शब्द जोडले असते तर हे टळलं असतं. दुसरी चूक जास्त गंभीर. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले वीसेक ऑपरेटर समोर होते आणि सगळं भाषण मराठीत झालं. नावं आणि आकडे त्यांना कळले, पण “तुम्ही तो सोडला नव्हता” हे वाक्य निसटलं. भाषणाची भाषा बदलायची गरज नव्हती. ते वाक्य आणि ग्लास उचलण्याचं वाक्य, एवढी दोन वाक्यं हिंदीत पुन्हा सांगितली असती तरी पुरे होतं.

ही पद्धत कुठवर चालते, हेही सांगायला हवं. प्रत्येकाला एक नेमकं वाक्य द्यायचं तर दहा-बारा नावांपर्यंत चार-पाच मिनिटांत बसतं. सुरुवातीची माणसं तीस असतील तर सगळी नावं एका पानावर छापून टेबलांवर ठेवावीत आणि टोस्टमध्ये एकच प्रसंग घ्यावा, ज्यात त्यातले बरेच जण होते. आणि जुने कागद मिळत नसतील तर आठवणीतला आकडा माइकवरून सांगू नये. चार जणांना वेगवेगळा आकडा आठवत असेल तर “पगार महिन्याहून जास्त उशिरा झाला” एवढंच म्हणावं, तेही ज्यांचा पगार रखडला होता त्यांना आधी वाचून दाखवून.